टँगोची जवळची मिठी: तंत्र कुठवर आणि ओढ कुठून

अर्जेंटाइन टँगोच्या क्लासमध्ये मी गेली काही वर्षं मदतनीस म्हणून उभी राहते. दर नव्या तुकडीत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कोणीतरी चपला बदलता बदलता हळूच विचारतं, "ताई, नाचताना जे वाटतं, ते नाचाचं असतं की माणसाचं?" विचारणारी कधी लग्न झालेली बाई असते, कधी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला मुलगा, कधी पन्नाशीचे गृहस्थ. प्रश्न मात्र तोच, आणि तो विचारताना आवाज खाली गेलेला असतो.

मी आधी मनाचं काही बोलत नाही, शरीराचं बोलते. तंत्र तपासून बघता येतं. ओढ तशी थेट तपासता येत नाही, पण तंत्राचा भाग वेगळा काढला की मागे काय उरलं ते बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. पुढे जे लिहिलं आहे ते त्याच क्रमाने आहे. माझ्यावरही ही वेळ आली होती, तेही सांगते.

आधी मिठी समजून घ्या

टँगोत मिठीला 'अब्राझो' म्हणतात. ती उघडी असते किंवा बंद. बंद मिठीत दोघांची छाती एकमेकांना टेकते आणि तिथूनच सगळा संवाद चालतो. पाऊल कधी, किती लांब, वळायचं की थांबायचं, हे लीडरच्या छातीवरून फॉलोअरच्या छातीला कळतं. हातांनी ढकलून किंवा ओढून नेणं ही नवशिक्याची खूण आहे.

आता खाली बघा. छाती जवळ असते, पण पावलं लांब असतात. बाजूने पाहिलं तर दोघांचा आकार मराठी आठाच्या आकड्यासारखा दिसतो, '८', वर मिटलेला आणि खाली उघडा. दोघं आपापल्या चवड्यावर वजन ठेवून किंचित पुढे झुकलेले असतात आणि कंबरेपासून खाली मोकळी जागा असते. ही जागा शालीनतेसाठी ठेवलेली नाही. लीडरचं पाऊल पुढे पडतं ते फॉलोअरच्या पायाने नुकत्याच मोकळ्या केलेल्या जागेत. कंबरा चिकटल्या तर मांडी उचलायला वाव राहत नाही, पाऊल आखडतं, गुडघे आपटतात. म्हणजे छाती टेकणं तंत्राला हवं आहे आणि कंबर टेकणं तंत्राच्या आड येतं. नव्या माणसाला एवढं एक वाक्य कळलं तरी त्याचा निम्मा गोंधळ मिटतो.

हातांचंही तसंच. लीडरचा उजवा हात फॉलोअरच्या पाठीवर, साधारण खवाट्याच्या उंचीवर. बोटं मिटलेली, तळवा सपाट. फॉलोअरचा डावा हात त्याच्या खांद्यावरून मागे. दुसरे दोन हात बाजूला एकमेकांत, दोघांत जो बुटका असेल त्याच्या डोळ्यांच्या आसपास. डोकी शेजारी शेजारी येतात, त्यामुळे श्वास ऐकू येतो, घामाचा आणि साबणाचा वास येतो. हे टाळता येत नाही, आणि शरीर त्याची नोंद घेतंच.

आणखी एक गोष्ट, जी बरेच शिक्षक उशिरा सांगतात: मिठी ढिली होते आणि परत मिटते. 'ओचो' करताना फॉलोअर एका पायावर फिरते, फरशीवर इंग्रजी 8 काढल्यासारखी. त्या वेळी तिचं वरचं धड लीडरकडे राहतं आणि कंबर फिरते. कंबर फिरायला जागा हवी म्हणून लीडरचा उजवा हात थोडा सैल व्हावा लागतो आणि तिचा डावा हात त्याच्या पाठीवरून सरकू द्यावा लागतो. वळण संपलं की परत जवळ. ओचोतही जो हात ढिला होत नाही, तो तंत्राचं काम करत नाही. त्याचं कारण मात्र लगेच ठरवू नका. त्याकडे परत येते.

कागदाची परीक्षा

एक साधा कागद घ्या, वहीच्या पानाएवढा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, हात मागे बांधायचे, कागद दोघांच्या छातीच्या मधोमध धरायचा आणि संथ लयीत खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. सुरुवातीला वळण नको, सरळ चाल पुरे.

कागद पडला तर जवळीक कमी पडते आहे, म्हणजे कोणीतरी मागे टाचेवर गेलं आहे. कागद चुरगळला तर कोणीतरी रेटतं आहे. सपाट राहिला तर टँगोला लागते तेवढीच जवळीक दोघांत आहे. पहिल्या दिवशी दहा पावलांतच कागद पडतो, काळजी करू नका.

या परीक्षेचा उपयोग असा, की 'किती जवळ' याला एक माप मिळतं. तो कागद सपाट ठेवणारा दाब लक्षात ठेवा आणि मग हातांसकट मिठी घालून नाचा. दाब तेवढाच राहिला तर जे वाटतंय ते तंत्रातल्या जवळिकीत वाटतंय. दाब वाढला असेल तर तो कुणाकडून वाढला ते बघा. आपल्याकडून वाढला असेल तर प्रामाणिकपणे मान्य करा. हे इतरांना सांगायची गरज नाही.

संगीत थांबल्यावर दहा मिनिटं

मानसशास्त्रात एक गाजलेला प्रयोग आहे. 1974 मध्ये डॉनल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर तो केला. खोल दरीवर हलणाऱ्या त्या पुलावरून जाणाऱ्या पुरुषांना एक तरुणी थांबवून काही प्रश्न विचारायची आणि नंतर काही विचारायचं असेल तर फोन करा म्हणून नंबर द्यायची. दुसऱ्या गटाला हेच प्रश्न एका भक्कम, कमी उंचीच्या पुलावर विचारले. झुलत्या पुलावरच्या पुरुषांपैकी जास्त जणांनी नंतर तिला फोन केला. छातीतली धडधड पुलाची होती, त्यांनी ती तिच्या नावावर जमा केली. पुढच्या फेरीत पूल ओलांडून दहा मिनिटं तरी उलटलेल्या पुरुषांशी तुलना केली, तर त्या शांत झालेल्या गटात हा परिणाम कमी दिसला.

टँगोत पूल नसतो, पण धडधड असते. 'तांदा' म्हणजे एकाच जोडीदाराबरोबर सलग नाचायची गाणी, बहुधा चार. दहा-बारा मिनिटं एकाग्र चालणं, डोळे बऱ्याचदा मिटलेले, तोल दोघांत वाटलेला. घाम येतो, श्वास एका लयीत येतो. शेवटच्या सुराला जे उमटतं त्यात हे सगळं मिसळलेलं असतं.

म्हणून नियम सोपा ठेवा: तांदा संपली की बसा, पाणी प्या, दहा मिनिटं त्या व्यक्तीशी बोलू नका आणि काही ठरवू नका. मग तिच्याकडे बघा. ती दुसऱ्याशी बोलत असेल, पिशवीत काही शोधत असेल. तेव्हाही ओढ तेवढीच आहे का? बहुतेक वेळा ती निम्म्यावर आलेली असते.

पण सगळं धडधडीवर ढकलून मोकळं होऊ नका. 1981 मध्ये ग्रेगरी व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पुरुषांना दोन मिनिटं जागच्या जागी पळवलं, काहींना फक्त पंधरा सेकंद, आणि मग एका स्त्रीचं चित्रीकरण दाखवलं. एकाच स्त्रीला कधी आकर्षक, कधी अनाकर्षक वेशात. जास्त पळालेल्यांना आकर्षक रूपातली ती जास्त आवडली आणि अनाकर्षक रूपातली कमी. म्हणजे धडधड शून्यातून ओढ तयार करत नाही, जे आहे ते मोठं करून दाखवते. दहा मिनिटांनंतर काहीतरी शिल्लक राहिलं तर ते होतंच असं धरून चला.

जोडीदार बदला, पण नीट बघा

बहुतेक क्लासमध्ये एक-दोन गाण्यांनी जोड्या बदलतात. ती सवय मोडून एकाच माणसाला चिकटू नका, विशेषतः गोंधळ असताना. तीच चाल, तोच ओचो आणखी तिघांबरोबर करा. चांगली चाल लागली की कोणाही बरोबर एक शांत ऊब जाणवते. ती सत्तरीच्या आजोबांबरोबरही जाणवते, स्त्रीला स्त्रीबरोबर, पुरुषाला पुरुषाबरोबरही. ती मिठीची आहे. ती फक्त एकाच व्यक्तीबरोबर येत असेल आणि तीही त्या व्यक्तीची चाल इतरांइतकीच साधी असताना, तर ती त्या व्यक्तीची आहे.

माझी वही

काही वर्षांपूर्वी मी एका लीडरबरोबर आठवड्यातून दोनदा सराव करत होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मला त्याच्या मिठीत काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. ओचोत वळताना त्याचा उजवा हात माझ्या पाठीवर घट्ट व्हायचा, बोटं किंचित रुतायची, आणि वळण संपलं तरी तो हात सोडायचा नाही. मला वाटलं, याला मला सोडवत नाहीये. मग मलाही तसंच वाटायला लागलं. घरी जाताना तो हात पाठीवर असल्यासारखा वाटायचा.

मी एक वही ठेवली. प्रत्येक सरावानंतर चार गोष्टी लिहायच्या: कोणतं गाणं, कोणती हालचाल, ते कधी जाणवलं आणि दहा मिनिटांनी किती उरलं. आठ सराव झाल्यावर वही चाळली. एकूण नऊ वेळा ते जाणवलं होतं, त्यांपैकी सात वेळा ओचोत. सरळ चालीत जवळजवळ काहीच नव्हतं. हे बघून मी जरा थबकले. माणसाची ओढ असती तर ती ओचो आणि चाल यांत भेद कशाला करेल?

मी शिक्षिकेला म्हटलं, आमचा ओचो बघा. त्यांनी दोन गाणी बघितली आणि त्याच्या पावलांकडे बोट दाखवलं. "तू वळणाच्या सुरुवातीला टाचेवर जातोस. तोल मागे जातो म्हणून तिला धरून राहतोस." तो ओशाळला. त्याला कळलंही नव्हतं. त्यांनी त्याला भिंतीसमोर उभं केलं, हाताची बोटं भिंतीला जेमतेम टेकवून चवड्यावर वजन ठेवून धड फिरवायला लावलं. रोज पाच मिनिटं, दोन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात ओचोत त्याचा हात माझ्या पाठीवरून पिसासारखा सरकला. बोटं रुतणं थांबलं.

ज्याला मी त्याची ओढ समजत होते, ते टाचेवर गेलेलं वजन होतं. जिन्याचा कठडा धरावा तसा तो मला धरत होता. म्हणूनच मी आता कोणालाही सांगते, घट्ट हात दिसला की आधी त्याच्या टाचा बघा.

पण गोष्ट इथे संपली नाही. त्याचा हात सुटला तरी माझ्या मनातलं सगळं गेलं नाही. वहीत मी एक पाचवी गोष्ट लिहायला हवी होती, ती लिहिलीच नव्हती: सरावाच्या दिवशी मी कपाटासमोर किती वेळ उभी राहते. फोनची स्क्रीन उजळली की त्याचाच निरोप असेल असं का वाटतं. या गोष्टींचा ओचोशी काहीही संबंध नव्हता. फरशीवर, मिठीत जे घडतं त्याला तंत्र हे उत्तर असू शकतं. फरशीपासून दूर, एकटीने असताना जे घडतं त्याला नाही. तुमच्यासाठीही हीच सर्वात उपयोगी खूण ठरेल: सरावाआधी आणि सरावानंतर तुम्ही काय बदलता आहात? कपडे, वेळा, घरी सांगितलेलं कारण, कोणाला फोटो दाखवता आणि कोणाला नाही. यातलं काही लपवावंसं वाटत असेल तर ते ओढीच्या खात्यात लिहा.

उरलेल्याचं काय करायचं

ओढ वाटणं हा गुन्हा नाही, आणि ती वाटली म्हणून नाच सोडायचीही गरज नाही. मी तीन गोष्टी केल्या.

पहिली, महिनाभर उघडी मिठी. उघड्या मिठीत दोघांमध्ये हातभर अंतर राहतं आणि संकेत हातांच्या चौकटीतून जातो. ते थोडं अवघड आहे, पण तंत्र पक्कं होतं आणि कारण द्यायला सोपं पडतं. मी त्याला म्हटलं, "माझी वळणं कच्ची आहेत, महिनाभर उघड्या मिठीत करूया." हे खरंही होतं. तेवढं सांगणं पुरतं. मनातलं सगळं समोरच्यावर ओतायची गरज नसते, विशेषतः त्याने काही विचारलेलं नसताना.

दुसरी, सरावात तिसरं माणूस आणलं. दोघंच सराव करणं चांगलं, पण गोंधळ असताना तिघांनी आळीपाळीने करणं जास्त चांगलं. एक जण बसून बघतो आणि चुका सांगतो, त्यामुळे दोघांचीही नजर पावलांवर राहते.

तिसरी सगळ्यात कठीण. मी नवऱ्याला सांगितलं. रात्रीची भांडी आवरून झाल्यावर म्हटलं, "सरावात मला थोडं ओढल्यासारखं वाटतंय. काही झालेलं नाही, होणार नाही. पण तुला माहीत असावं." तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पुढच्या वेळी मी बघायला येऊ का?" आला. खुर्चीवर बसून पाऊण तास बघितलं. परत जाताना त्याने फक्त विचारलं, "त्या वळणात तुझा डावा हात मागे का सरकतो?" मी त्याला भर रस्त्यात समजावून सांगितलं. सगळ्यांच्या घरी असं होईल असं नाही, हे मला कळतं. कोणाला सांगणं शक्य नसेल तर एखाद्या विश्वासू मैत्रिणीला सांगा. मनातल्या मनात ठेवलेली ओढ प्रत्येक तांदेबरोबर वाढते.

आणि दोघंही मोकळे असाल, तर? मग बोला, पण फरशीबाहेर आणि दिवसाउजेडी. मिठीत विचारलेल्या प्रश्नाला समोरचा मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकत नाही, कारण पुढचं गाणं सुरू होणार असतं. नाच संपल्यावर, दुसऱ्या दिवशी, साध्या शब्दांत: "तुझ्याबरोबर नाचायला आवडतं. नाचाबाहेरही भेटायला आवडेल. नाही म्हटलंस तरी सराव आहे तसाच चालू राहील." शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा.

ब्वेनोस आयरेसच्या जुन्या रिवाजातही याची सोय आहे. तिथे आमंत्रण नजरेने देतात, त्याला 'काबेसेओ' म्हणतात: लांबून नजर भिडली, मान हलली की होकार. नजर वळवली की नकार, आणि कोणाचाही अपमान होत नाही. एका तांदेनंतर मधलं वेगळं संगीत वाजतं आणि जोड्या सुटतात. एकाच माणसाबरोबर लागोपाठ तांदा नाचत राहिलं तर बघणारे त्यात नाचापलीकडचा रस वाचतात. तुमच्या गोंधळाच्या काळात एका रात्री एका माणसाबरोबर एकच तांदा, एवढा नियम करून बघा.

शरीराने आपणहून काही केलं तर

हे कोणी उघडपणे विचारत नाही, म्हणून मी न विचारता सांगते. पुरुषांना जवळच्या मिठीत कधी कधी शारीरिक प्रतिक्रिया होते. ती इच्छेशिवायही होते. तेव्हा थांबून माफी मागायची नाही आणि मिठी तशीच ठेवायचीही नाही. पुढच्या पावलाला मिठी उघडी करा, पावलं लांब घ्या, गाणं संपवा. आठाचा खालचा भाग नीट उघडा असेल तर जोडीदाराला बहुधा कळतही नाही. तंत्रातली ती मोकळी जागा इथेही उपयोगी पडते.

समोरून हद्द ओलांडली जात असेल तर

घट्ट हाताचं कारण टाच असू शकतं, हे मी सांगितलं. पण सगळ्याच गोष्टींना टाच हे कारण नसतं. हात खवाट्यावरून खाली कंबरेकडे घसरतो, अंगठा पाठीवर गोल फिरतो, कंबर वारंवार पुढे येते, गाणं संपून जोड्या सुटल्या तरी मिठी सुटत नाही. यातली एकही गोष्ट टँगोच्या कोणत्याही पावलाला लागत नाही. अंगठा फिरवून काही लीड होत नाही.

पहिल्यांदा तंत्राच्याच भाषेत बोला, कारण तो नवशिका असेल तर तेवढ्यावर सुधारेल: "हात थोडा वर, खवाट्यावर ठेव." पुढच्या गाण्यात तेच झालं तर स्पष्ट: "हे मला नको आहे." तिसऱ्यांदा बोलू नका. तांदेच्या मध्येच 'ग्रासियास' म्हणा आणि फरशी सोडा. टँगोत मध्येच म्हटलेल्या या शब्दाचा अर्थ "धन्यवाद, इथे थांबूया" असा सर्वांना कळतो. कारण देण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. त्याच दिवशी शिक्षकांना सांगा, पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका, कारण पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या कोणाबरोबर असेल.

माझा तो सरावाचा जोडीदार आता दुसऱ्या एका तुकडीला चाल शिकवतो. परवा बघायला गेले तेव्हा एका नव्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होता, "चवड्यावर ये. नाहीतर तू तिला पकडशील आणि तिला भलतंच वाटेल."